सात फुटावरून पडलं तरी घड्याळ ठीक, थ्रेशरवर मात्र दोनदा १२:००. काऊन?

खळ्यावरचा (दारव्हा तालुका) | १४ ऑक्टोबर, रात्री ९:४०

रामराम मंडळी.

माझ्याजवळ एक जाडजूड रबरी डिजिटल घड्याळ हाय, २०१७ मधी घेतलेलं. काचेखाली शॉक रेझिस्ट लिहून हाय. कंपनीचं नाव टाकत नाई, कारण चूक कोणाची हेच अजून समजलं नाई.

आता गंमत आयका. मागच्या शनिवारी सोयाबीन काढून रायलो होतो. थ्रेशरच्या वरच्या पाटीवर उभा होतो, घड्याळ खिशात होतं, ते सुटलं आन सात फूट खाली शिमेटच्या खळ्यावर आदळलं. म्या म्हटलं, गेलं. खाली येऊन कुटार झटकलं, पाहतो तं एक सेकंद इकडचा तिकडं नाई. लय खूश झालो.

पण त्याच हप्त्यात दोनदा असं झालं का सोयाबीन काढता काढता टाइम पाहाले गेलो तं १२:००, तारीख एक जानेवारी. पुन्हा सेट करा, पुन्हा तेच. पडलं तेव्हा काई झालं नाई आन नुसत्या थरथरीनं मरून रायलं. शॉक रेझिस्टचा अर्थ तरी काय मंग?

---

टफबॉय_वणी | १४ ऑक्टोबर, रात्री १०:०५

भाऊ, सरळ आहे. डुप्लिकेट माल आहे तुमचा. खऱ्या शॉक रेझिस्ट घड्याळाला दहा मीटरची गॅरंटी असते. कॅसिओच्या किकुओ इबे नावाच्या इंजिनियरचं वडिलांनी दिलेलं घड्याळ पडून फुटलं, म्हणून १९८१ मध्ये त्याने ठरवलं की दहा मीटरवरून पडलं तरी चाललं पाहिजे, पाण्याचा दहा बारचा दाब सोसला पाहिजे आणि बॅटरी दहा वर्षं टिकली पाहिजे. दोनशेच्या वर नमुने फोडले आणि १९८३ मध्ये पहिलं जी-शॉक बाजारात आणलं.

माझ्या काकांचं घड्याळ तीस फूट खोल विहिरीत पडलं होतं. चार दिवसांनी मोटर लावून पाणी उपसलं तेव्हा सापडलं, चालू होतं. तीस फूट म्हणजे नऊ मीटर. याला म्हणतात शॉक रेझिस्ट.

---

रोही_पळवणारा | १४ ऑक्टोबर, रात्री १०:२२

मले एक विचारायचं हाय. आमच्या वावराले डुकरं आन रोह्यांसाठी झटका मशीन हाय, तारेले हात लागला का जोरात बसते. मोटरच्या स्टार्टरच्या पेटीतबी दोनदा झटका बसला. हे शॉक रेझिस्ट घड्याळ घातलं तं शॉक कमी बसते का? दुकानदार हो म्हणते.

---

निवृत्त_निदेशक | १५ ऑक्टोबर, सकाळी ६:१०

रोहीवाले, अजिबात नाही. घड्याळावरचा शॉक म्हणजे आदळण्याचा धक्का, विजेचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. उलट बहुतेक घड्याळांचं मागचं झाकण स्टीलचं असतं आणि ते मनगटाला चिकटून बसतं. स्टार्टर उघडताना घड्याळ, कडं, अंगठी, सगळं काढून ठेवा आणि आधी मेन पाडा. मी आयटीआयमध्ये मुलांना शिकवलं त्यातलं पहिलं हेच. आणि त्या दुकानदाराकडून विजेचं सामान घेऊ नका.

---

लोलकताई (अमरावती, घड्याळ दुरुस्ती, वडिलांचं दुकान आता मी बघते) | १५ ऑक्टोबर, सकाळी ११:३०

टफबॉय, इबेंची गोष्ट बरोबर आहे, पण तुम्ही एका कंपनीचं ध्येय सगळ्या जगाच्या घड्याळांना लावताय. शॉक रेझिस्ट हे दोन शब्द वाचून दहा मीटर असं धरता येत नाही. त्यासाठी जो आंतरराष्ट्रीय नियम आहे, आयएसओ १४१३, त्याचं माप एक मीटर आहे. एक मीटरवरून कठीण लाकडाच्या सपाट पृष्ठभागावर घड्याळ पडलं तर जेवढा धक्का बसेल तेवढा. तो नेमका आणि दर वेळी सारखा बसावा म्हणून घड्याळ प्रत्यक्ष पाडत बसत नाहीत, तीन किलोचा प्लास्टिकचा हातोडा लोलकासारखा झुलवून मारतात. एक ठोका नऊच्या बाजूने, म्हणजे डाव्या कडेवर, आणि दुसरा समोरून काचेवर. त्यानंतर घड्याळ चालू राहिलं, तुटफूट झाली नाही आणि चाल ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली नाही, की पास. माझं इथलं नाव त्या लोलकावरूनच आहे.

काही कंपन्या यापेक्षा कितीतरी कडक चाचण्या स्वतः घेतात. आणि बाजारात दीडशे रुपयांत मिळणाऱ्या घड्याळांवर तेच शब्द नुसते छापलेले असतात, कोणी एकदाही पाडून पाहिलेलं नसतं. शब्द तेच, अर्थ तीन.

काकांच्या विहिरीचं सांगायचं तर ते घड्याळ पाण्यावर पडलं, दगडावर नाही. वेग मोठा असला तरी पाणी बाजूला सरतं आणि घड्याळ हळूहळू थांबतं. ती पाण्याच्या सीलची परीक्षा झाली, धक्क्याची नाही.

आता खळ्यावरचे भाऊ, तुम्ही तीन गोष्टी सांगा. नुसती स्क्रीन जाते का टाइम पुन्हा १२:०० पासून सुरू होतो? सेल शेवटचा कधी आणि कुणी बदलला? आणि थ्रेशर चालू असताना घड्याळ हातात असतं का कुठं अडकवलेलं?

---

खळ्यावरचा | १५ ऑक्टोबर, रात्री ८:५०

ताई, टाइम १२:०० पासून सुरू होते, स्क्रीन जात नाई. सेल मागच्या दिवाळीत तालुक्याच्या ठिकाणी एका दुकानात बदलला, साठ रुपये घेतले, पाच मिनिटात दिलं. आन थ्रेशर चालू असला का घामात कुटार चिकटते, खाजते, म्हणून पट्टा ट्रॅक्टरच्या स्टेअरिंगखालच्या दांडीले बांधून ठेवतो. पडलं त्या दिवशी खिशात होतं. आठवून पाह्यलं तं दोन्ही वेळा दांडीलेच बांधून होतं. हातात असतानी कधी झालं नाई.

---

लोलकताई | १६ ऑक्टोबर, दुपारी १२:१५

मग बहुतेक सापडलं. जरा लांब लिहिते, जेवण झालंय आणि गिऱ्हाईक नाही.

पडणं म्हणजे काय ते आधी पाहू. एक मीटरवरून पडलेलं घड्याळ जमिनीला सेकंदाला साडेचार मीटरच्या आसपास वेगाने भिडतं. प्रश्न वेगाचा नसतो, ते किती अंतरात थांबतं याचा असतो. एक मीटर पडून एका मिलिमीटरमध्ये थांबलं तर सरासरी धक्का त्याच्या स्वतःच्या वजनाच्या हजारपट. तेच तीन मिलिमीटरमध्ये थांबलं तर तीनशेपट. जाड रबरी कडं, आत मॉड्यूलच्या, म्हणजे सेल-सर्किट-स्क्रीनच्या गठ्ठ्याच्या, भोवतीच्या गाद्या, मॉड्यूल डब्याला फार थोड्या ठिकाणी टेकवणं, ही सगळी खटपट त्या दोन-तीन मिलिमीटरसाठी असते. भाऊ, तुमचं घड्याळ सात फूट पडलं, म्हणजे साधारण २.१ मीटर. नियमाच्या दुप्पट, आणि तेही सिमेंटवर. रबरी कड्यावर पडलं असणार, म्हणून वाचलं. काचेवर एखादा खडा आला असता तर वेगळी गोष्ट झाली असती.

आता थरथर. ट्रॅक्टरचं इंजिन मिनिटाला १५०० फेरे फिरत असेल तर सेकंदाला पंचवीस. तासाला नव्वद हजार, दहा तासांच्या दिवसाला नऊ लाख. प्रत्येक हिसका अगदी हलका, पडण्याच्या धक्क्यासमोर काहीच नाही. त्याने काही फुटत नाही, पण जे सैल आहे ते हलत राहतं. पडण्यात सेलचा संपर्क सुटला तरी एकदाच आणि फार थोड्या क्षणापुरता, आणि सर्किटमधल्या छोट्या कपॅसिटरमध्ये तेवढा वेळ निभावेल इतका साठा असतो. तुमच्या दांडीवर तोच संपर्क दिवसभर सुटतो आणि जुळतो. कधीतरी एक सुटणं लांबतं आणि टाइम उडतो.

हातात असताना होत नाही, कारण मनगटाचं मांस हीसुद्धा गादीच आहे. बारीक जलद थरथर तिथे बरीचशी मरते. लोखंडी दांडीला बांधलं की सगळी सरळ घड्याळात जाते.

हातोड्याच्या त्या चाचणीत थरथर मोजतच नाहीत. तिची परीक्षा वेगळी असते. काही महागड्या मॉडेलांवर कंपनीने थरथर सोसण्याचं वेगळं लिहिलेलं असतं, जी-शॉकच्या मडमास्टरवर आहे. तसं लिहिलेलं नसेल तर धक्क्याचा शिक्का थरथरीला लावू नका.

तुमचा टाइम धरणारा क्रिस्टल गेला असता तर चिन्ह वेगळं दिसलं असतं. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा छोटासा चिमटा असतो. तुटला तर घड्याळ थांबतं, दुखावला तर चाल बिघडते. अशा घड्याळाची चाल साधारण महिन्याला पंधरा सेकंद पुढेमागे असते. मोबाइलच्या टाइमशी चार दिवस ताडून पाहा. आकड्यांच्या काड्या अर्धवट दिसल्या असत्या तर मी स्क्रीन आणि सर्किटमधल्या रबरी संपर्कपट्टीवर संशय घेतला असता. टाइम शून्यावर येणं म्हणजे वीज तुटणं. सेल, त्याला दाबून धरणारी पट्टी, किंवा सेल बदलताना राहून गेलेलं काही. मागचं झाकण उघडून पाहा, जमत असेल तर.

---

संत्रामंडी | १६ ऑक्टोबर, दुपारी ३:४०

ताई, मंग माझी काच काऊन फुटली? वरुडकडे बाग आहे. धुऱ्यावर दगड लावून रायलो होतो, एक दगड हातातून सुटला आन मनगटावर घासत गेला. दोन इंचसुद्धा पडला नसल. काच मधोमध चिरली. तुम्ही म्हणता हातोडा काचेवर मारून पाहतात, तीन किलोचा.

---

लोलकताई | १६ ऑक्टोबर, सायंकाळी ५:००

हातोड्याचं तोंड सपाट आणि प्लास्टिकचं असतं, जोर पसरतो. दगडाच्या टोकाचा सगळा जोर ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेवर येतो. काचेला मार किती बसला यापेक्षा तो कुठे आणि केवढ्या जागेत बसला हे महत्त्वाचं. कडं काचेपेक्षा उंच ठेवतात ते यासाठीच, म्हणजे सपाट जमिनीवर पालथं पडलं तरी काच टेकू नये. टोकदार वस्तू त्या कड्याच्या आतून जाते. सब्बल, विळ्याचं टोक, बेल्टाचं बक्कल, सगळं यातच.

भाऊ, चिरेतून ओल आत जाते, आज सकाळी आत धुकं दिसलं नसेल तर उद्या दिसेल. काच बदलून घ्या, तोवर फवारणीला घालू नका.

---

टफबॉय_वणी | १६ ऑक्टोबर, रात्री ९:१५

मान्य ताई, विहिरीचं मान्य. पण मिलिटरी ग्रेड म्हणजे तर थरथरसुद्धा आली ना? माझ्या नव्या स्मार्टवॉचवर लिहिलंय.

---

निवृत्त_निदेशक | १६ ऑक्टोबर, रात्री ९:५०

एमआयएल-एसटीडी-८१० हा अमेरिकी लष्कराचा चाचण्यांचा ग्रंथ आहे, शिक्का नाही. त्यात आदळण्याची चाचणी वेगळी, थरथरीची वेगळी, धुळीची, उष्णतेची वेगळी. उत्पादक त्यातली एक चाचणी करून ते नाव लिहू शकतो, तपासून शिक्का मारणारं कोणी सरकारी कार्यालय नाही. पाडण्याची जी प्रसिद्ध चाचणी आहे तिच्यात १.२२ मीटरवरून २६ वेळा पाडतात, खाली काँक्रीटवर प्लायवूड. आणि ते २६ वेळा पाच नगांमध्ये वाटून घ्यायला परवानगी आहे. तेव्हा एका नगावर पाच-सहाच येतात. तुमच्या डब्यावर कोणत्या पद्धतीचा क्रमांक दिलाय ते वाचा. क्रमांकच नसेल तर समजून घ्या.

---

टफबॉय_वणी | १६ ऑक्टोबर, रात्री १०:०२

क्रमांक नाही. फक्त बंदुकीचं चित्र आहे.

---

खळ्यावरचा | १८ ऑक्टोबर, सायंकाळी ७:३०

उघडलं. पोराचा मोबाइल रिपेरिंगचा बारीक पेचकस होता. फोटो चढत नाई इथं, म्हणून लिहून सांगतो.

चार स्क्रूपैकी एक नुसता बोटानं फिरला. झाकणाच्या आतल्या बाजूनं एक चौकोनी डाग हाय, कधीकाळी काहीतरी चिकटून असल्यासारखा, पण तिथं आता काई नाई. सेलवर लिहून हाय सीआर २०१६. आन मॉड्यूलच्या पत्र्यावर बारीक अक्षरात सीआर २०२५ लिहून हाय! सेल काढला तं खाली चॉकलेटची चांदी, चार घड्या घालून ठेवली. ताई, हा काय प्रकार हाय?

---

लोलकताई | १८ ऑक्टोबर, रात्री ८:०५

हात जोडते त्या दुकानदाराला.

आकडे वाचायला सोपे आहेत. पहिले दोन म्हणजे व्यास, २० मिलिमीटर, दोन्हीत सारखाच. म्हणून सेल खाचेत बसला. पुढचे दोन म्हणजे जाडी. १६ म्हणजे १.६ मिलिमीटर, २५ म्हणजे २.५. तुमच्या घड्याळात ०.९ मिलिमीटरची पोकळी राहिली आणि ती चांदीने भरली. टेबलावर छान चालतं, तुम्ही पैसे देऊन निघता. पण चांदीत पट्टीसारखा ताण नाही, एकदा दबली की दबलेलीच राहते. दोन्हीचा व्होल्टेज तीनच, म्हणून घड्याळाला फरक कळत नाही, फक्त पातळ सेलमध्ये दम कमी असतो. ती चांदी सरकून सेलच्या कडेला लागली असती तर सेल शॉर्ट होऊन बसला असता, ते झालं नाही हे नशीब.

झाकणावरचा चौकोनी डाग म्हणजे रबरी गादीची जागा. झाकण बंद केलं की ती मॉड्यूलला मागून दाबून धरते. सेल बदलताना ती झाकणाला चिकटून बाहेर येते, टेबलावर पडते आणि केरात जाते. तिच्याशिवाय घड्याळ शॉक रेझिस्ट लिहिलेलं पण शॉक रेझिस्ट नसलेलं होतं, दिवाळीपासून. तरी सात फूट वाचलं. मला यातलं सगळं समजलंय असं मी म्हणणार नाही.

आता असं करा. चांगल्या कंपनीचा सीआर २०२५ घ्या, शिक्का फोडलेला नको. चांदी काढा, खालची जागा कोरड्या कापडाने पुसा. सेल दाबणारी पट्टी थकली असेल तर अगदी केसभर खाली वाकवा, जास्त नाही, मोडते. सेल बसवल्यावर पत्र्यावर एसी लिहिलेलं छोटं छिद्र किंवा ठिपका असेल तर चिमट्याने तो ठिपका आणि सेलची वरची बाजू दोन सेकंद एकत्र टेकवा, म्हणजे सर्किट नीट सुरुवात करतं. गोल रबरी सील खाचेत सपाट बसलंय ना ते पाहून मग झाकण, आणि स्क्रू तिरकस जोडीने आवळा, एकदम एकच घट्ट नको.

---

संत्रामंडी | १८ ऑक्टोबर, रात्री ८:४०

गादीच्या जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावला तं? आमच्याकडे सगळं त्यानंच होते.

---

लोलकताई | १८ ऑक्टोबर, रात्री ८:५५

मी लावणार नाही. काळ्या ट्यूबमध्ये काजळी असते आणि काही ट्यूब थोडी वीज वाहून नेतात. सेलच्या वर ठेवायची वस्तू आहे ती. शिवाय जाडी चुकली तर झाकण बसणार नाही किंवा स्क्रीनवर ताण येईल. जुन्या बंद घड्याळातली त्याच जागेची गादी मिळाली तर उत्तम.

---

निवृत्त_निदेशक | १८ ऑक्टोबर, रात्री ९:२०

मल्टिमीटर असेल तर ट्यूबचा तुकडा मोजून पाहता येईल. मी माझ्याकडचे दोन मोजले, एकाने काही दाखवलं नाही, एकाने काही मेगाओहम दाखवले. ताईंचा मुद्दा आहे, पण इतक्या रोधाने सेल उतरेल असं मला वाटत नाही.

---

लोलकताई | १८ ऑक्टोबर, रात्री ९:३१

सर, मोजला तेव्हा कोरडा होता. घामाने ओला झाल्यावर मोजा. जाडीचं तर राहिलंच.

---

खळ्यावरचा | २३ ऑक्टोबर, रात्री ९:००

मंडळी, हालहवाल सांगतो.

नवा सेल टाकला, एसीवाला ठिपका टेकवला. गादी पुसदच्या एका म्हाताऱ्या कारागिराजवळ जुन्या घड्याळातून काढलेली भेटली, पैसे नाई घेतले त्यानं. परवा मुद्दाम घड्याळ पुन्हा त्याच दांडीले बांधलं. सकाळी आठ ते दुपारी दोन, सहा तास. टाइम उडाला नाई. काल पुन्हा तेच, पुन्हा ठीक. मोबाइलशी ताडून पाह्यलं, चार दिवसात एक सेकंद पुढं.

एक सांगतो, दुपारी झाकणाले हात लावून पाह्यला तं एक स्क्रू पुन्हा ढिला. आवळला. आन उजेडाचं बटण आता दाबलं का आत फसते, हळूहळू बाहेर येते. पडलं त्याचंच का कुटाराचं, समजत नाई.

---

टफबॉय_वणी | २३ ऑक्टोबर, रात्री ९:२५

डुप्लिकेट म्हटलं त्याबद्दल माफी असावी भाऊ.

---

लोलकताई | २३ ऑक्टोबर, रात्री ९:४०

बटण हळू येतंय म्हणजे बटणाच्या दांडीभोवती कुटाराची भुकटी गेलीय किंवा पडताना दांडी किंचित वाकलीय. बाहेरून मऊ ब्रशने साफ करा. वाकलेली असेल तर साफ करूनही अडकेल, मग इकडे आणा. दोन्हींपैकी काहीही असलं तरी तिथून पाणी जाऊ शकतं. आदळल्यानंतर सील टिकलं का हे कुठलाही शॉकचा शिक्का सांगत नाही, ते दाबाच्या यंत्रावरच कळतं, आणि ते आमच्याकडे आहे. तोवर विहिरीत पोहायला घालू नका.

आणि ट्रॅक्टरच्या दांडीला बांधणं सोडा ना भाऊ. कुटार खाजत असेल तर घड्याळ डब्याच्या पिशवीत ठेवा.

---

खळ्यावरचा | २३ ऑक्टोबर, रात्री ९:५२

पिशवीत ठेवलं तं टाइम कसा पाहू ताई? दोन वाजता लाइट येते, मोटर लावा लागते.